नियमित पण नगण्य पाळी आणि वंध्यत्व : गर्भाशयाच्या क्षयरोगाचे एक प्रकरण

सत्तावीस वर्षांची एक विवाहित स्त्री, लग्नाला पाच वर्षे झालेली, मूल नाही. पाळी दर २८ ते ३० दिवसांनी न चुकता येते. मात्र ती एका दिवसात संपते आणि त्या एका दिवसातही पॅडवर जेमतेम डाग पडतो. तेराव्या वर्षी पाळी सुरू झाल्यापासून लग्नापर्यंत चार-पाच दिवस व्यवस्थित रक्तस्राव होत असे आणि गेल्या तीन-चार वर्षांत तो हळूहळू आटत गेला, असे तिने सांगितले. पोटात दुखणे नाही, ताप नाही, खोकला नाही, वजनात घट नाही. पश्चिम महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांतून जिल्ह्याच्या ठिकाणी उपचारांसाठी येणाऱ्या अनेक स्त्रियांच्या कागदपत्रांत जे पुन्हा पुन्हा दिसते, ते एकत्र करून हे प्रकरण मांडले आहे. त्यामुळे ते कोणा एका स्त्रीचे नाही, पण त्यातला प्रत्येक टप्पा प्रत्यक्षात घडणारा आहे.

तिच्यासोबत आलेली फाइल जाड होती. त्यातील बहुतेक कागद सांगत होते की सगळे ठीक आहे. पाळीच्या तिसऱ्या दिवशी केलेली एफएसएच आणि एलएच ही संप्रेरके योग्य मर्यादेत होती, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन नॉर्मल होते, एकविसाव्या दिवशीचे प्रोजेस्टेरॉन ११ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे बीजकोषातून बीज वेळेवर सुटत असल्याची खूण. पतीची वीर्यतपासणीही नॉर्मल होती. तरीही तिला निरनिराळ्या ठिकाणी पाच वेळा बीज तयार होण्याच्या गोळ्या देण्यात आल्या होत्या आणि पाळी "मोकळी" व्हावी म्हणून दोनदा संप्रेरकांच्या गोळ्यांचा कोर्स झाला होता. एका कागदावर पीसीओडी असेही निदान लिहिलेले होते.

या निदानापाशी थोडे थांबायला हवे, कारण कमी पाळी आणि मूल नसणे ही जोडी दिसली की आपल्याकडे पीसीओडीचा विचार सर्वांत आधी होतो. पीसीओडीमध्ये पाळी लांबते, दोन-तीन महिने येत नाही, कारण बीज सुटत नाही. पण त्या काळात गर्भाशयाचे अस्तर आत साचत राहते आणि सोनोग्राफीत बहुधा जाडच दिसते. या स्त्रीची पाळी एकदाही चुकलेली नव्हती, बीज दर महिन्याला सुटत होते. वेळापत्रक बरोबर आणि रक्तस्राव मात्र नगण्य, हे चित्र पीसीओडीचे नाही. बीजकोष आपले काम करत आहेत आणि गर्भाशयाचे अस्तर त्यांना प्रतिसाद देत नाही, असा त्याचा अर्थ होतो.

संप्रेरकांच्या गोळ्यांचा जो कोर्स तिला उपचार म्हणून दिला गेला, ती खरे तर एक उत्तम तपासणी होती, पण तिच्याकडे तपासणी म्हणून कोणी पाहिले नाही. आधी इस्ट्रोजेन देऊन अस्तर वाढवायचे आणि मग प्रोजेस्टेरॉन देऊन थांबायचे, असे केल्यावर निरोगी गर्भाशयातून भरपूर रक्तस्राव व्हायलाच हवा. दोन्ही वेळी तिला पूर्वीसारखाच डाग पडला. बाहेरून पुरेसे इस्ट्रोजेन देऊनही अस्तर वाढत नसेल, तर दोष संप्रेरकांत नसून अस्तरातच आहे हे तिथेच स्पष्ट झाले होते.

अस्तर असे निकामी होण्याचे सर्वांत परिचित कारण म्हणजे गर्भपातानंतर किंवा प्रसूतीनंतर केलेले क्युरेटिंग. त्यात अस्तराचा खोल थर खरवडला गेला की गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना चिकटतात. हिला कधी दिवसच राहिले नव्हते आणि क्युरेटिंगही झालेले नव्हते. ज्या स्त्रीच्या गर्भाशयाला कधी हात लागलेला नाही, तिचे अस्तर पातळ होऊन चिकटलेले असेल, तर भारतात तरी क्षयरोग नाही हे सिद्ध होईपर्यंत तोच गृहीत धरून तपास करावा, असे आमचे ठाम मत आहे.

न विचारलेला प्रश्न

फाइलमधील एकाही कागदावर क्षयरोगाविषयी एक ओळ नव्हती. आम्ही तिला "तुम्हाला टीबी झाला होता का?" असे विचारले, तेव्हा तिने नाही म्हटले. तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत, म्हणजे "लहानपणी कधी छातीत पाणी झाले होते का, मानेला गाठी आल्या होत्या का, कधी सहा महिन्यांच्या गोळ्या घेतल्या होत्या का?" असा विचारल्यावर तिच्या आईने सोळाव्या वर्षीची हकिगत सांगितली. ताप येत होता, उजव्या बाजूला दुखत होते, सुईने छातीतले पाणी काढले, गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत मुलगी चांगली झाली म्हणून गोळ्या बंद केल्या. त्या आजाराला टीबी म्हणतात हे त्यांना कोणी नीट सांगितले नव्हते, किंवा सांगितले असले तरी लग्न व्हायच्या मुलीच्या बाबतीत तो शब्द घरात कोणी उच्चारला नव्हता.

जननेंद्रियांचा क्षयरोग जवळजवळ नेहमीच असा दुसऱ्या ठिकाणाहून आलेला असतो. फुप्फुसात किंवा त्याच्या आवरणात पहिला संसर्ग होतो, तेथून जंतू रक्तावाटे गर्भनलिकांपर्यंत पोहोचतात आणि बहुधा वयात येण्याच्या सुमारास, जेव्हा या अवयवांचा रक्तपुरवठा वाढतो, तिथे घर करतात. या आजारात गर्भनलिका जवळपास सर्वच रुग्णांत, आणि त्याही दोन्ही बाजूंच्या, बाधित होतात. नलिकांतून जंतू खाली गर्भाशयात उतरतात आणि साधारण निम्म्या किंवा त्याहून अधिक रुग्णांत अस्तरही बाधित होते. मूळ आजार आणि वंध्यत्वाची तक्रार यांत दहा-दहा वर्षांचे अंतर पडू शकते. तोवर छातीचा आजार बरा झालेला असतो आणि विसरलेलाही.

सासूबाईंनी विचारले, "टीबी म्हणजे खोकला पाहिजे ना हो? हिला तर साधा खोकलासुद्धा नाही." हा प्रश्न पुष्कळ डॉक्टरांच्या मनातही असतो, म्हणूनच निदान राहून जाते. गर्भाशयाचा क्षय असलेल्या बऱ्याच स्त्रियांना मूल न होणे आणि पाळीतला बदल यांखेरीज कोणतीही तक्रार नसते. या स्त्रीच्या छातीच्या एक्स-रेमध्ये उजवीकडचा खालचा कोपरा किंचित बोथट दिसत होता. चालू आजाराची काही खूण नव्हती, पण आईच्या हकिगतीला तो कोपरा दुजोरा देत होता.

जुने कागद पुन्हा वाचताना

दोन जुन्या तपासण्या आम्हाला पुन्हा पाहाव्या लागल्या. पहिली म्हणजे गर्भनलिकांचा डाय टाकून काढलेला एक्स-रे, म्हणजे एचएसजी. त्याच्या अहवालात "दोन्ही नलिका बंद" एवढेच एक वाक्य होते. फिल्म मागवून प्रकाशात धरली, तेव्हा बरेच अधिक दिसले. उजवी नलिका मण्यांच्या माळेसारखी जागोजागी फुगीर आणि मध्ये आवळलेली होती. डावी टोकाशी फुगून बंद झालेली होती. गर्भाशयाच्या पोकळीचा डावा काठ खाल्ल्यासारखा अनियमित होता आणि थोडा डाय गर्भाशयाच्या भिंतीतून आजूबाजूच्या शिरांमध्ये शिरलेला होता. अखंड अस्तर डायला असे सहसा शिरू देत नाही. यातले एकेक लक्षण सुटे घेतले तर इतर आजारांतही दिसते, पण चारही एकत्र आले की क्षयाचा संशय बळावतो. एचएसजीनंतर तिला तीन-चार दिवस ताप आणि ओटीपोटात दुखणे झाले होते, हेही तिने आता सांगितले. दबलेला क्षय एचएसजीच्या दाबाने भडकू शकतो. म्हणून संशय आधीच असेल तर ही तपासणी उगाच करू नये, आणि जुनी फिल्म हाताशी असेल तर ती पुन्हा करण्याचे काही कारण नसते.

दुसरी तपासणी म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराची बायोप्सी. ती झालेली होती आणि "क्षयरोगाचे पुरावे नाहीत" असा तिचा अहवालही होता. याच एका ओळीमुळे पुढची दोन वर्षे क्षयाचा विचार कोणी केला नाही. तो नमुना पाळीच्या आठव्या दिवशी घेतलेला होता आणि संपूर्ण नमुना फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकलेला होता. या दोन्ही गोष्टी किरकोळ वाटतील, पण निदान चुकण्यास त्या पुरेशा असतात.

अस्तराचा वरचा थर दर पाळीला गळून जातो आणि पुन्हा नव्याने वाढतो. क्षयाच्या जंतूंभोवती शरीराच्या पेशी जमून जी सूक्ष्म गाठ तयार होते, तिला आकार घ्यायला सुमारे दोन आठवडे लागतात. पाळी संपल्यावर लगेच नमुना घेतला, तर नव्या अस्तरात त्या गाठी अजून तयारच झालेल्या नसतात आणि जुन्या गाठी पाळीबरोबर वाहून गेलेल्या असतात. म्हणून नमुना पाळीच्या अगदी आधी, २८ दिवसांच्या चक्रात साधारण पंचविसाव्या-सव्विसाव्या दिवशी घ्यावा लागतो. दुसरी गोष्ट फॉर्मेलिनची. पेशींची रचना टिकवण्यासाठी ते उत्तम असते, पण ते जंतूंना मारते. फॉर्मेलिनमध्ये गेलेल्या तुकड्यातून जंतूंची वाढ करून पाहण्याचा, म्हणजे कल्चरचा, मार्ग कायमचा बंद होतो.

पुन्हा घेतलेला नमुना

दुसऱ्या वेळी आम्ही सोनोग्राफीपासून सुरुवात केली. बाराव्या दिवशी उजव्या बीजकोषात परिपक्व बीज असलेली १८ मिलिमीटरची पुटी होती. त्या वेळी अस्तराची जाडी आठ मिलिमीटर किंवा अधिक अपेक्षित असते, हिची ४.५ मिलिमीटर होती आणि त्यात मधूनमधून चमकणारे बारीक ठिपके होते. बीज तयार आणि अस्तर मात्र नाही, ही विसंगती प्रत्यक्ष डोळ्यांसमोर होती.

त्या महिन्यात पती-पत्नींना निरोध वापरण्यास सांगितले, कारण पाळीच्या तोंडावर गर्भाशयातून नमुना घ्यायचा तर दिवस राहिलेले नाहीत याची खात्री हवी. मूल हवे म्हणून पाच वर्षे वाट पाहणाऱ्या जोडप्याला हे सांगणे सोपे नसते आणि त्यामागचे कारण नीट समजावून सांगावे लागते. सव्विसाव्या दिवशी गर्भधारणेची तपासणी नकारात्मक आल्यावर नमुना घेतला. तो घेताना गर्भाशयाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून, जिथे नलिका येऊन मिळतात, तिथून मुद्दाम तुकडे घेतले, कारण आजार नलिकांतून खाली उतरतो आणि तिथे तो सापडण्याची शक्यता अधिक असते. एक भाग फॉर्मेलिनमध्ये सूक्ष्मदर्शी तपासणीसाठी गेला आणि दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये, बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी प्रयोगशाळेत. बाटल्यांवर कोणती कशाची हे स्वतः लिहिले. ऑपरेशन थिएटरमध्ये सवयीने सगळेच फॉर्मेलिनमध्ये पडते, हा अनुभव अनेकांचा आहे.

सलाइनमधल्या भागावर चार तपासण्या झाल्या आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत. इथेच हे प्रकरण खरे अवघड झाले.

जंतू थेट सूक्ष्मदर्शकाखाली शोधण्याची तपासणी नकारात्मक आली. याचे आश्चर्य वाटले नाही. या तपासणीत जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये सुमारे १०,००० जंतू लागतात आणि गर्भाशयाच्या क्षयात जंतू फार थोडे असतात. थुंकीच्या तपासणीत जी अपेक्षा धरता येते, ती इथे धरता येत नाही. सरकारी प्रयोगशाळेतील सीबीनॅट तपासणीतही जंतू आढळले नाहीत. ही तपासणी जंतूचा जनुकीय अंश बंद काडतुसात शोधते, तिला शंभर-सव्वाशे जंतू पुरतात आणि ती होकारार्थी आली तर जवळजवळ खात्रीच मानावी लागते. पण अस्तराच्या नमुन्यात अनेक खऱ्या रुग्णांतही ती नकारात्मक येते. तिचा नकार हा आजाराचा नकार नसतो.

तिसरी तपासणी खासगी प्रयोगशाळेतील पीसीआर, तीही जंतूचा जनुकीय अंशच शोधते. ती होकारार्थी आली. चौथी, म्हणजे द्रव माध्यमातील कल्चर, नुकती लावलेली होती आणि तिला सहा आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागणार होती. फॉर्मेलिनमधल्या तुकड्यात दाहक पेशी आणि क्षयाच्या गाठीत असतात तशा पेशींचा एक अस्पष्ट पुंजका दिसला, पण निःसंशय गाठ दिसली नाही.

पीसीआरचा कागद हाती घेऊन पती म्हणाले, "डॉक्टर, रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, मग गोळ्या सुरू का नाही करत?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. प्रयोगशाळा-प्रयोगशाळांतील पीसीआर सारख्या प्रतीच्या नसतात. हाताळताना दुसऱ्या नमुन्याचा सूक्ष्म अंश मिसळला तरी ती होकारार्थी येते, आणि मेलेल्या जंतूंचे अवशेषही तिला पुरतात. सोळाव्या वर्षी क्षय होऊन गेलेल्या स्त्रीत ही शंका अधिकच असते. फुप्फुसाबाहेरील क्षयरोगासाठी भारताने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंडेक्स टीबी मार्गदर्शक तत्त्वांतही केवळ पीसीआरच्या आधारे जननेंद्रियांच्या क्षयाचे निदान करू नये असेच म्हटले आहे. मूल नाही म्हणून पीसीआर, पीसीआर पॉझिटिव्ह म्हणून सहा महिने गोळ्या, या वाटेने गेलेल्या अनेक स्त्रिया आम्ही पाहिल्या आहेत. त्यांच्यातल्या काहींना क्षय नव्हताच, आणि त्या सहा महिन्यांत खरे कारण शोधले गेले नाही. कातडीवरची मँटू चाचणी तिच्यात १६ मिलिमीटर होती, पण तीही इथे निर्णायक नव्हती. जंतूंशी कधीतरी संपर्क आला एवढेच ती सांगते, आजार आज चालू आहे की नाही ते सांगत नाही. रक्तातील प्रतिपिंडांवर आधारलेल्या क्षय-चाचण्या तर २०१२ पासून भारतात बंदच आहेत, आणि तरी जुन्या फायलींमध्ये त्यांचे कागद अजून सापडतात.

दुसऱ्या बाजूला, पाळीचा इतिहास, छातीतले पाणी, एचएसजीची फिल्म, पातळ अस्तर आणि तो अस्पष्ट पुंजका हे सगळे एकाच दिशेला बोट दाखवत होते. अशा वेळी पीसीआर बाजूला सारून "काही नाही" म्हणणेही तितकेच चुकीचे ठरले असते. प्रत्यक्ष पाहून, जिथे आजार आहे तिथलाच तुकडा मिळवणे हाच उरलेला मार्ग होता.

दुर्बिणीतून

पुढच्या चक्रात एकाच भुलीखाली पोटातील आणि गर्भाशयातील दुर्बीण तपासणी केली. जुन्या क्षयात आतडी आणि गर्भाशय एकमेकांना घट्ट चिकटलेले असू शकतात, दुर्बीण आत घालताना आतड्याला इजा होऊ शकते आणि प्रसंगी पोट उघडावे लागते, हे सर्व आधी सांगून लेखी संमती घेतली होती.

पोटात फारसे चिकटलेले नव्हते. उजवी नलिका फिल्ममध्ये दिसली तशीच मणीदार आणि कडक, डावी फुगलेली. दोन्हींवर आणि गर्भाशयामागच्या पोटाच्या आवरणावर मोहरीपेक्षाही लहान पांढरट दाणे होते. यकृताच्या वरच्या बाजूला तंतुमय पडदे होते. गर्भाशयातून निळा रंग सोडला असता तो कोणत्याही नलिकेतून बाहेर आला नाही. गर्भाशयाच्या आत अस्तर फिकट, पांढुरके, रक्ताची लाली नसलेले होते. पोकळी अरुंद झालेली होती, डाव्या भिंतीपासून वरपर्यंत चिकटलेल्या पट्ट्या होत्या आणि डाव्या नलिकेचे तोंड दिसत नव्हते.

आम्ही दाण्यांचे तुकडे घेतले, ओटीपोटातला थोडा द्रव घेतला आणि तेवढ्यावर थांबलो. नलिका मोकळ्या करण्याचा प्रयत्न केला नाही आणि गर्भाशयातील पट्ट्याही सोडवल्या नाहीत. नातेवाइकांना हे पटवून देणे अवघड गेले, कारण "आत गेलाच होता तर नळ्या का नाही उघडल्या" असे वाटणे स्वाभाविक असते. चालू क्षय असताना ऊती ठिसूळ असतात, गर्भाशयाला भोक पडण्याचा धोका जास्त असतो आणि सोडवलेल्या भिंती पुन्हा चिकटतात. क्षयाने आतून जळलेली नलिका तर शस्त्रक्रियेने पुन्हा कामाची होत नाही. ती उघडली तरी बीज पुढे नेणारे तिचे आतले आवरण परत येत नाही.

या वेळी उत्तर स्पष्ट होते. दाण्यांच्या तुकड्यात मध्यभाग सडलेल्या, क्षयाच्या खास गाठी दिसल्या. त्याच तुकड्यावरचा सीबीनॅट होकारार्थी आला आणि रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला जंतूंचा प्रतिकार आढळला नाही. उपचार सुरू झाल्यानंतर काही दिवसांनी आधीच्या अस्तराच्या नमुन्यातील कल्चरमध्येही, चौथ्या आठवड्याच्या शेवटी, क्षयाचे जंतू वाढले. म्हणजे ज्या नमुन्यावर सीबीनॅट नकारात्मक होता, त्यात जिवंत जंतू होते. अस्तराच्या एका नकारात्मक अहवालावर विसंबून प्रकरण बंद करू नये, असे आम्ही आग्रहाने म्हणतो ते याच कारणाने.

उपचार आणि त्यांची मर्यादा

भारतात २०१२ पासून क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारला देणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. तिची नोंद निक्षय पोर्टलवर केली आणि गोळ्या जवळच्या आरोग्य केंद्रातून मोफत सुरू झाल्या. वजन ५२ किलो, म्हणून चार औषधे एकत्र असलेल्या चार गोळ्या रोज, दोन महिने. नंतर तीन औषधांच्या गोळ्या चार महिने. लघवी नारिंगी होईल, त्याची भीती बाळगू नये, पण डोळे पिवळे झाले, सतत उलट्या झाल्या किंवा रंग ओळखताना अडचण आली तर लगेच यावे, असे सांगितले. घरात तिची ताट-वाटी वेगळी केली गेली आहे हे पहिल्या महिन्यात कळले, तेव्हा सासूबाईंना बोलावून समजावले, की फुप्फुसात आजार नसल्यामुळे हिच्यापासून कोणालाही लागण होत नाही आणि भांड्यांतून तर हा आजार पसरतच नाही.

या सहा महिन्यांत गर्भधारणा टाळायची होती, पण त्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत, कारण रिफाम्पिसिनमुळे यकृत त्या संप्रेरकांचा फार लवकर निचरा करते. हेच कारण आणखी एका गोष्टीला लागू पडते. गर्भाशयातील पट्ट्या सोडवल्यावर अस्तर वाढावे म्हणून इस्ट्रोजेन द्यावे लागते, आणि क्षयाच्या गोळ्या चालू असताना ते पुरेसे काम करत नाही. म्हणून ती शस्त्रक्रिया गोळ्यांचा कोर्स संपल्यानंतरच केली.

कोर्स संपल्यावर पाळी दोन दिवसांची झाली. पुन्हा पीसीआर करण्याचा आग्रह आम्ही मोडून काढला, कारण मेलेल्या जंतूंच्या अवशेषांनी तो होकारार्थी येऊन नाहक घबराट झाली असती. दुर्बिणीतून पाहिले तेव्हा दाणे नाहीसे झालेले होते, अस्तराला किंचित लाली आली होती, पट्ट्या मात्र तशाच होत्या. औषध जंतूंना मारते, व्रण पुसत नाही. त्या पट्ट्या बारीक कात्रीने, वीज न वापरता सोडवल्या. फुगलेली डावी नलिका काढून टाकली, कारण तिच्यातील द्रव गर्भाशयात उतरला तर टेस्ट ट्यूब पद्धतीतील गर्भ रुजण्याची शक्यता बरीच कमी होते. इस्ट्रोजेनच्या दोन महिन्यांनंतर अस्तर ७.१ मिलिमीटरपर्यंत आले. रुजण्यासाठी निदान सात हवे असते, म्हणजे ते जेमतेम काठावर होते.

नलिकांतून नैसर्गिक गर्भधारणेची आशा उरली नव्हती, त्यामुळे टेस्ट ट्यूब पद्धतीने गर्भ तयार करून गोठवून ठेवले. पहिला गर्भ रुजला नाही. दुसऱ्या प्रयत्नापूर्वी पती-पत्नींशी बोलताना आम्ही पुढचे सगळे आधीच सांगितले. पट्ट्या पुन्हा धरल्या आणि अस्तर सहाच्या वर गेलेच नाही, तर तेच उपचार उगाळत बसण्यापेक्षा दत्तक किंवा, २०२१ च्या कायद्याच्या चौकटीत बसत असेल तर, सरोगसीचा विचार करावा लागेल. दिवस राहिले, तर सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी करून गर्भ उरलेल्या उजव्या नलिकेत नसून गर्भाशयातच आहे याची खात्री करायची. नलिकेतील गर्भाचा धोका टेस्ट ट्यूब पद्धतीनेही पूर्ण टळत नाही. आणि अशा दुखावलेल्या अस्तरावर वार खोलवर चिकटून बसू शकते, म्हणून विसाव्या आठवड्यापासून सोनोग्राफीत वारेची जागा पाहत राहायचे आणि प्रसूती रक्तपेढी असलेल्या रुग्णालयातच करायची, असे तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.